‘तू फक्त सांग, मी करतो’ इथंच अडतंय

प्रश्न: मी ३७ वर्षांचा, भुसावळला रेल्वेत नोकरी, ड्यूटी पाळीची. पत्नी झेडपी शाळेत शिक्षिका. दोन मुलं, माझी आईही आमच्याकडेच असते. घरात मी मदत करतो, काहीही सांगितलं की लगेच करतो. भांडण नाही, व्यसन नाही. पण दीड-दोन वर्षं झाली, आमच्यात जवळीक राहिली नाही. ती म्हणते, ‘थकले.’ सुटीच्या दिवशीही थकलेलीच. हात धरला तरी सोडवून घेते. एवढं करूनही असं का?

भाऊ, तुमचं लिहिणं वाचताना मी ‘सांगितलं की’ या दोन शब्दांपाशी थांबले. कुणी सांगितलं की? सांगायचं तर आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. तेल संपत आलंय, धाकट्याचे बूट अंगठ्याला लागतायत, आईंची गोळी परवापर्यंतच पुरेल. ते लक्षात येणं, डोक्यात धरून ठेवणं, योग्य वेळी तुम्हाला सांगणं आणि तुम्ही केलंत का ते पुन्हा पाहणं, हे सगळं तिच्याकडे आहे. तुमचे हात काम करतात, पण घराची ड्यूटी तिच्या डोक्याला लागलेली आहे, आणि त्या ड्यूटीला पाळी बदलत नाही. ती सुटीच्या दिवशी का थकलेली असते, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

निम्मं म्हणते, कारण मी एकाच बाजूचं ऐकलंय. जळगावात गेली सतरा वर्षं मी जोडप्यांसोबत बसते, आणि एका बाजूचं ऐकून मत बनवलं की चूक होते हे शिकले आहे. अंगात रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलेला असला, संबंधाच्या वेळी दुखत असलं किंवा मन सतत उदास असलं, तरी बाई ‘थकले’ एवढंच म्हणते. म्हणून एकदा डॉक्टरांकडे तपासणी व्हायला हवी. तिला तिथं पाठवू नका, तुम्ही वेळ घ्या आणि सोबत जा. तिच्या मनात तुमच्याबद्दल भीती असेल किंवा जुनी एखादी दुखावलेली गोष्ट असेल, तर खाली लिहिलेलं कामाचं वाटप त्यावर चालणार नाही. पण भांडण नाही, व्यसन नाही, बाई नोकरी करते, घरात सासू आणि दोन मुलं, आणि नवरा मनापासून म्हणतो की मी सांगितलेलं सगळं करतो, असं चित्र असतं तेव्हा बहुतेक वेळा मला मुळाशी हे डोक्यातलं कामच सापडतं.

पाण्याचं उदाहरण घेऊ, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खान्देशातल्या कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. मंगळवारी आलं होतं, म्हणजे आता शनिवारी येईल. शनिवारी नणंद मुलांना घेऊन येणार, म्हणजे शुक्रवारपर्यंत टाकी पुरवली पाहिजे, कपडे आज धुवायचे नाहीत. नाहीच आलं तर टँकर मागवायचा, की शेजारच्यांच्या बोअरचं मागायचं? मग शनिवारी पहाटे नळाकडे कान ठेवायचा, मोटर लावायची, टाकी भरून वाहायला लागायच्या आत बंद करायची, पिण्याचं गाळून माठात भरायचं. या सगळ्यात नवरा काय करतो? ‘अहो, पाणी आलंय, मोटर लावा’ अशी हाक आली की उठून बटण दाबतो. पाच मिनिटांचं काम. तो खरं तेच सांगतो, ‘पाणी मीच भरतो.’ आणि तिचं डोकं मंगळवारपासून पाण्यात असतं.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली या अदृश्य कामाचे चार भाग मांडले. पुढं काय लागणार ते ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, त्यातला एक ठरवणं आणि ठरलेलं होतंय का यावर लक्ष ठेवणं. त्यांना आढळलं की ठरवण्याचा भाग जोडपी बऱ्यापैकी मिळून करतात, पण ओळखणं आणि लक्ष ठेवणं जास्त करून बाईकडे पडतं. माझ्याकडे येणारे नवरे ‘आमच्याकडे सगळं दोघं मिळून ठरवतो’ असं सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ठरवण्याच्या वेळी ते हजर असतात. आधीचं आणि नंतरचं त्यांना दिसत नाही.

हाताच्या कामाचा हिशेबही काही बरा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, ज्यांनी घरची बिनपगारी कामं केली त्यांचा सरासरी वेळ बायकांचा दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं निघाला. दिवसाची नोंद करताना मुख्यतः माणूस हातांनी काय करत होता ते लिहिलं जातं. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना तुमच्या पत्नीच्या डोक्यात ‘आज दूध जास्त घ्यायचं’ चालू असतं, ते कुठल्या रकान्यात बसणार?

आता जवळीक का आटते ते सांगते. रात्री साडेदहाला तुम्ही हात धरता तेव्हा तुमच्यासाठी दिवस संपलेला असतो. तिच्या डोक्यात तेव्हा मटकी भिजवायची राहिली, युनिफॉर्म वाळला का, आईंनी रात्रीची गोळी घेतली का, उद्या शाळेत तपासणी, अशी रांग चालू असते. ओढ वाटायला मनाला थोडं रिकामं व्हावं लागतं. तसं नसलं की प्रेमाचा स्पर्शही ‘आता आणखी एकाला माझ्याकडून काहीतरी हवंय’ असा वाटतो. ती हात सोडवते तो बऱ्याचदा तुमच्यापासून नव्हे, मागणीपासून सोडवते. दिवसभर कुणी हात धरला नाही आणि फक्त रात्रीच धरला, तर हे आणखी पक्कं होतं.

दुसरं कारण बोलायला जड आहे, पण बायका माझ्यासमोर ते बोलतात. ‘मला दोन नाही, तीन मुलं आहेत.’ ज्याला सतत आठवण करून द्यावी लागते, ज्याचं काम पुन्हा तपासावं लागतं, तो मनात हळूहळू जोडीदाराच्या जागेवरून सांभाळायच्या माणसाच्या जागेवर सरकतो. सांभाळायच्या माणसावर माया असते, ओढ राहत नाही. एमिली हॅरिस, अकी गोर्मेझानो आणि सारी व्हॅन अँडर्स यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुरुष जोडीदार आणि मुलं असलेल्या बायकांकडून माहिती घेतली होती. ज्यांच्यावर घरकामाचा वाटा जास्त, त्यांना जोडीदाराबद्दल लैंगिक ओढ कमी असं त्यात दिसलं. मधले दुवे दोन होते, वाटणी अन्यायाची वाटणं आणि जोडीदार आपल्यावर अवलंबून आहे असं वाटणं. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, हेच कारण आहे असं सिद्ध होत नाही. पण माझ्या खोलीत बायका त्यांच्या शब्दांत जे सांगतात त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो.

उपाय एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केलेत. धुळ्याचं जोडपं. ती सहकारी बँकेत, त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. एक मुलगी तिसरीत. त्याची आई सत्तरीची, तिला बीपी आणि साखर दोन्ही. तो माझ्याकडे आला तेव्हा तुमचंच वाक्य म्हणाला, ‘ती फक्त सांगत नाही, सांगितलं तर मी करतोच.’

मी त्याला आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. घरात केलेलं प्रत्येक काम लिहायचं आणि समोर एकच गोष्ट लिहायची, हे आधी कुणाच्या लक्षात आलं? आठवड्याने त्याच्या वहीत बावीस कामं होती. तीन सोडून बाकी सगळ्यांसमोर बायकोचं नाव. त्याने वही बंद करून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मला समजवायचं होतं ते वहीने समजवलं.

मग आम्ही कामं वाटली नाहीत, जबाबदाऱ्या हलवल्या. फरक असा: काम म्हणजे मेडिकलवरून गोळ्या आणणं. जबाबदारी म्हणजे गोळ्या संपत आल्यात हे ओळखणं, चिठ्ठी जुनी झाली का पाहणं, आणणं, दर रविवारी आठवड्याच्या डबीत भरणं, रोज सकाळ-संध्याकाळ डबीचा खण रिकामा झाला का बघणं, तीन महिन्यांनी साखरेची तपासणी करून डॉक्टरांची वेळ घेणं, सोबत जाणं आणि डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवणं. हे सगळं मुळापासून शेंड्यापर्यंत त्याच्याकडे गेलं. आई त्याची, म्हणून पहिली जबाबदारी तीच निवडली. दुसरं पाणी. तिसरं मुलीच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्यातून निघणारं सगळं. एवढी तीनच. एकदम दहा हलवली की दोन आठवड्यांत सगळी परत बाईकडे येतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

हलवताना प्रत्येक गोष्टीचं ‘एवढं झालं म्हणजे झालं’ हे दोघांनी बोलून ठरवलं. पाण्याचं ठरलं ते असं: टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, पिण्याचं पाणी गाळून दोन दिवसांचं भरलेलं असावं. माठ कुठल्या फडक्याने पुसायचा हे त्यात नाही. हे तिला जड गेलं. आपली पद्धत सोडणं बाईला सोपं नसतं, कारण चूक झाली की नावं तिलाच ठेवली जातात. पण त्याने भरलेला माठ ती रोज पुन्हा धुवत राहिली असती, तर काम त्याच्याकडे गेलंच नसतं.

दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर रात्री निरोप आला, उद्या पुठ्ठा आणि रंगीत कागद आणा. त्याने पाहिला नाही. तिने पाहिला. मला नंतर म्हणाली, ‘मॅडम, ओठावर आलं होतं, पण गिळलं.’ मुलगी पुठ्ठ्याशिवाय शाळेत गेली आणि रडत घरी आली. त्या संध्याकाळी त्याने बायकोला ‘तू सांगायचं ना’ म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. तो मुलीला म्हणाला, ‘चूक माझी, मी पाहिलं नाही.’ मग स्वतःच ठरवलं की दुकान बंद केल्यावर रोज रात्री नऊला ग्रुप वाचायचा, आणि घरात पुठ्ठा, कागद, फेविकॉल यांचा एक खोका करून ठेवायचा. त्यानंतर तिने तो ग्रुप स्वतःच्या फोनवर बंद केला. माझ्या मते खरा बदल त्या दिवशी झाला. तिच्या डोक्यातली एक खिडकी कायमची बंद झाली.

औषधांचं मात्र असं पडू देता येत नाही. पुठ्ठा विसरला तर मुलगी रडते, गोळी चुकली तर आजारी माणसाला भोगावं लागतं. म्हणून तिथं आम्ही वेगळा नियम केला: घरात सात दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक, त्याला हात लावावा लागला की त्याच दिवशी नवीन आणायच्या. ज्या कामात चुकीची किंमत तिसऱ्या माणसाला मोजावी लागते तिथं असा साठा किंवा गजर आधी लावा, मग जबाबदारी हलवा. नाहीतर बाई काळजीपोटी डोळा ठेवतच राहते, आणि तो डोळा ठेवणं हेच तर थकवणारं काम होतं.

आणि सासूबाई. आई सवयीने सुनेलाच विचारायची, ‘गोळी दिली का गं?’ सून म्हणायची, ‘ह्यांना विचारा.’ दोन दिवसांत आईचा सूर बदलला, माझ्या लेकाला कामाला लावलं. एकत्र राहणाऱ्या घरात वाटणी इथं हमखास अडते, आणि इथं सुनेने एक शब्द बोलून उपयोग नसतो. बोलायचं मुलाने. तो आईजवळ बसून म्हणाला, ‘आई, तुझ्या गोळ्या मी बघणार, मला बरं वाटतं ते.’ बायकोचं नाव त्यात आणलं नाही, ‘तिला त्रास होतो’ असंही म्हटलं नाही. पुढं आईच शेजारणीला सांगायला लागली की माझ्या गोळ्या पोरगा भरतो.

पहिल्या महिन्यात बायको खूश झाली नाही, उलट चिडली. हे तुम्हालाही दिसेल, म्हणून आधीच सांगते. ओझं खाली ठेवलं की खांदा दुखतो हे तेव्हा जाणवतं, ‘इतकी वर्षं का नाही केलंस’ हा राग वर येतो. त्या वेळी समजावायला जायचं नाही, ऐकायचं. आणि ‘मी एवढं केलं, आता तरी?’ हे वाक्य एकदाही बोलायचं नाही. तोंडाने नाही आणि रात्रीच्या रुसव्यानेही नाही. कामाच्या बदल्यात जवळीक असा सौदा दिसला की तिच्यासाठी जवळीक हेही यादीतलं एक काम होऊन बसतं.

त्यांच्यात काय बदललं? चारेक महिन्यांनी उन्हाळा लागला, ते गच्चीवर झोपायला लागले. एका रात्री मुलगी झोपल्यावर ती गादीवरून उठली नाही, खाली काही बघायला गेली नाही, तशीच पडून त्याच्याशी बँकेतल्या गमती बोलत राहिली. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज भरून आला. शरीराची जवळीक त्यानंतर कधीतरी आली. किती दिवसांनी ते मी विचारलं नाही. आधी गप्पा परत आल्या, एवढं मला पुरेसं होतं.

तुमच्या घराकडे येते. पाळीच्या ड्यूटीमुळे रोज ठरलेल्या वेळेची सगळी कामं तुम्हाला घेता येणार नाहीत, हे मान्य. पण नेमकी इथंच वाटणी फसते. वीजबिल, गाडीची सर्व्हिसिंग, पंखा दुरुस्ती ही पुरुषांकडची कामं आज नाही तर उद्या चालतात. डबा, पोळ्या, मुलांना उठवणं ही सकाळी सातलाच करावी लागतात, आणि ती तिच्याकडे असतात. कामांची संख्या सारखी केली तरी घड्याळाशी बांधलेलं माणूस एकच राहतं. म्हणून संख्या मोजू नका. आठवड्यात प्रत्येकाला सलग, कुणी हाक न मारता, किती तास मिळाले ते मोजा. झोप धरू नका. तुमचे नऊ निघाले आणि तिचा एक, तर वाटणी कुठं चुकली ते वेगळं शोधावं लागणार नाही. तुमचा रोस्टर हातात आला की ज्या दिवशी सकाळी घरी आहात त्या दिवसांचा डबा पूर्ण तुमचा. भाजी काय करायची हे ठरवण्यापासून, आणि ती तुम्हाला येत नसेल तर शिकून. रात्रपाळी उतरून आलेल्या सकाळी मात्र झोपा. तो हिशेब तिलाही पटेल.

सुरुवात कशी करायची? पत्नीला ‘कामांची यादी करून दे’ म्हणू नका. यादी करणं हे त्याच अदृश्य कामातलं सगळ्यात मोठं काम आहे. वही तुम्ही आणा. सात दिवस लिहा. मग रविवारी दुपारी, मुलं बाहेर खेळत असताना, वीस मिनिटं बसा. झोपायच्या खोलीत नाही आणि रात्री नाही. वही तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘यातलं आईंचं सगळं आजपासून माझ्याकडे. मी काय काय धरलंय ते वाचतो, राहिलेलं तू सांग.’ ती कदाचित म्हणेल, ‘राहू द्या, तुम्हाला जमणार नाही.’ वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये जा. सहा आठवडे एक जबाबदारी तिच्या आठवणीशिवाय नीट चालली की दुसरी घ्या. दर रविवारची वीस मिनिटं चालू ठेवा, पण त्यात तक्रारी नाहीत. पुढच्या आठवड्यात घरात काय येणार आहे आणि ते कुणाकडे, एवढंच.

श्रावणात कानबाई येईल. रोट, पाहुणे, कुणाला बोलवायचं, कुणाला साडी, कुणाला टॉवेल-टोपी हे सगळं आत्तापर्यंत तिच्याच डोक्यात राहिलं असणार. या वर्षी तुमच्या बाजूच्या पाहुण्यांची यादी, फोन आणि आहेर तुम्ही घ्या, आणि महिनाभर आधी घ्या. तिने विचारायच्या आत.